चार आर्यसत्ये आणि अष्टांगिक मार्ग : वऱ्हाडातील प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी एक अभ्यासटिपण

वऱ्हाडात बौद्ध धर्माचा इतिहास शिकावयास येणारा विद्यार्थी या विषयाला अगदीच अपरिचित असतो असे नाही. अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील पुष्कळ विद्यार्थी अशा घरांतून येतात की, जेथे १९५६ नंतरच्या दोन-तीन पिढ्यांनी त्रिशरण आणि पंचशील नित्य म्हटलेले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञाही त्यांना पाठ असतात. परंतु या प्रतिज्ञांकडे इतिहासाच्या अभ्यासकाने जरा बारकाईने पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. अकराव्या प्रतिज्ञेत अष्टांगिक मार्गाचा आणि बाराव्या प्रतिज्ञेत दहा पारमितांचा स्वीकार आहे. चार आर्यसत्यांचा नामनिर्देश मात्र बावीसांपैकी एकाही प्रतिज्ञेत नाही. त्यामुळे या विद्यार्थ्याला मार्गाची आठ अंगे ठाऊक असतात, पण ज्या चौकटीत पाली ग्रंथ तो मार्ग बसवितात ती चौकट त्याला प्रथमच वर्गात भेटते. त्याच्या शेजारी बसलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याने शालेय पुस्तकात जग दुःखमय आहे व तृष्णा हे त्याचे कारण आहे एवढेच वाचलेले असते. त्याला चौकट ठाऊक असते, पण तिचा अर्थ फार ढोबळपणे ठाऊक असतो.

या दोघांसाठी एकच टिपण लिहावयाचे असेल, तर ते कसे लिहावे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अडचण विषयाच्या गहनतेची तितकीशी नाही. जे ग्रंथांत आहे त्याहून अधिक बोलण्याचा मोह टाळणे ही खरी अडचण आहे. आणि मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत हा मोह बहुधा ओळखीच्या शब्दांतून उत्पन्न होतो.

प्रथम आधाराचा विचार करू. चार आर्यसत्यांचे सर्वांत प्रसिद्ध विवेचन संयुत्तनिकायातील धम्मचक्कप्पवत्तनसुत्तात आहे. परंपरेनुसार बुद्धाने ज्ञानप्राप्तीनंतर वाराणसीजवळील ऋषिपतन येथे पाच परिव्राजकांना केलेला हा पहिला उपदेश होय. येथे 'परंपरेनुसार' हा शब्द सहज म्हणून योजलेला नाही. पाली ग्रंथ अनेक पिढ्या मुखपरंपरेने जतन झाले आणि ते श्रीलंकेत लिपिबद्ध झाले ते ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात. शिवाय मज्झिमनिकायातील अरियपरियेसनसुत्तात याच पाच जणांना केलेल्या उपदेशाची हकीगत आहे. पण तीत चार सत्यांचा उच्चार नाही. के. आर. नॉर्मन यांनी १९८२ मध्ये या सूत्रातील वाक्यरचनेचा अभ्यास करून असे मत मांडले की, त्याच्या मूळ रूपात 'आर्यसत्य' हा शब्द नसावा व तो पुढे आला असावा. कॅरल अँडरसन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याच अंगाने चार सत्यांच्या स्थानाची तपासणी केली. यावरून ही सत्ये बुद्धाची नव्हेतच असे सिद्ध होत नाही. दुःख आणि दुःखाचा निरोध हा विचार निकायांत सर्वत्र पसरलेला आहे. सिद्ध होते ते एवढेच की, पहिल्या दिवशी, याच शब्दांत, याच क्रमाने हा उपदेश झाला असे ठाम विधान इतिहासाच्या विद्यार्थ्याने करू नये.

आता सत्यांकडे वळू. 'आर्य' हा शब्द येथे वंशवाचक नाही. ज्यांनी हे सत्य प्रत्यक्ष जाणले त्या श्रेष्ठ पुरुषांचे सत्य, अथवा मनुष्याला श्रेष्ठ करणारे सत्य, असे त्याचे अर्थ प्राचीन टीकाकारांनीच दिले आहेत. 'सत्य' या शब्दामुळेही घोटाळा होतो. विद्यार्थी समजतो की, ही चार मते असून त्यांवर विश्वास ठेवावयाचा आहे. परंतु सूत्रात प्रत्येक सत्याबरोबर एक कर्तव्य जोडलेले आहे, आणि सूत्राची सारी मांडणी या कर्तव्यांवर उभी आहे. दुःख पूर्णपणे जाणावयाचे आहे, त्याचा उगम सोडावयाचा आहे, निरोधाचा साक्षात्कार करावयाचा आहे आणि मार्ग अभ्यासाने वाढवावयाचा आहे. प्रत्येक सत्याचे ज्ञान, त्यासंबंधीचे कर्तव्य आणि ते कर्तव्य पार पडल्याची जाणीव, अशा तीन आवर्तनांनी चार सत्यांची बारा अंगे होतात. टिपणात ही चार क्रियापदे राहिली नाहीत, तर दुसरे काहीही राहिले तरी मुख्य गोष्ट निसटली असे समजावे.

पहिल्या सत्यात दुःख म्हणून काय सांगितले आहे? जन्म, जरा, मरण, अप्रियाशी संयोग, प्रियाचा वियोग, इच्छिलेले न मिळणे, आणि शेवटी थोडक्यात, ज्यांना आपण 'मी' व 'माझे' म्हणून घट्ट धरतो असे पाच उपादानस्कंध. मराठीत 'दुःख' म्हटले की शोक किंवा यातना एवढाच अर्थ मनात येतो. पाली 'दुक्ख' याहून व्यापक आहे. जे टिकत नाही आणि म्हणून ज्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, अशा सुखद अनुभवालाही तो शब्द लागू पडतो. सुख नाही असे सूत्र म्हणत नाही. सुखद, दुःखद आणि न-सुखद-न-दुःखद अशा तिन्ही वेदना निकायांना मान्य आहेत. म्हणून पहिल्या सत्याचा अर्थ सांगताना 'जीवन म्हणजे केवळ दुःख' असे लिहिणे ही पहिली अतिशयोक्ती होय.

दुसरे सत्य दुःखसमुदयाचे. उत्तरपत्रिकेत हा शब्द 'समुदाय' होऊन बसला, तर दुःखाच्या उगमाऐवजी दुःखाचा ढीग असा अर्थ होतो, हे विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे. उगम म्हणून सूत्र तृष्णेचे नाव घेते. आपला 'तहान' हा शब्द प्राकृतातील 'तण्हा' या शब्दापासूनच आलेला आहे, आणि हे नाते वऱ्हाडच्या विद्यार्थ्याला विशेष उपयोगी पडावे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, अकोट-दर्यापूरच्या बाजूस, विहिरीचे पाणी खारे लागते व ते पिऊन तहान भागत नाही. ज्या वस्तूने तृप्ती होत नाही तिच्याकडेच पुन्हा पुन्हा जाणे, हे तण्हेचे लक्षण या उदाहरणाने चांगले कळते. पण त्याच गावातील बाई गोड्या पाण्यासाठी दोन मैल चालत गेली, तर ती तृष्णा नव्हे. ती देहाची गरज आहे. सूत्रात तृष्णा तीन प्रकारची सांगितली आहे : इंद्रियसुखाची, अमुक होऊन राहण्याची, आणि नाहीसे होण्याची. साध्या गरजेचा या यादीत समावेश नाही. येथे आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. सूत्रातील व्याख्येत ही तृष्णा पुनर्भवाला कारण होणारी म्हणून वर्णिलेली आहे. वाचकाला ते मान्य असो वा नसो, ग्रंथात काय आहे हे सांगताना तो शब्द गाळता येत नाही.

तिसरे सत्य निरोधाचे. त्याची व्याख्या फार संयमित आहे : त्याच तृष्णेचा निःशेष त्याग, तिच्यापासून मुक्तता. एखाद्या लोकाचे किंवा स्वर्गाचे वर्णन येथे नाही. शरीराच्या सर्व वेदना थांबतात असेही येथे म्हटलेले नाही. दीघनिकायातील संगीतिसुत्तात पाठ दुखते म्हणून बुद्ध सारिपुत्ताला उपदेश करावयास सांगतो व स्वतः आडवा होतो, हा प्रसंग या संदर्भात लक्षणीय आहे. ज्याने निरोध साधला त्याचीही पाठ दुखते. तृष्णेने त्या दुखण्यावर रचलेले दुसरे दुःख मात्र नाहीसे झालेले असते. संयुत्तनिकायातील सल्लसुत्तात हाच भेद दोन बाणांच्या दृष्टांताने सांगितला आहे. पहिला बाण शरीराला लागतो. अशिक्षित मनाचा मनुष्य त्यावर शोकाचा व त्राग्याचा दुसरा बाण लावून घेतो. शिक्षित मनाचा मनुष्य एकच बाण सोसतो.

चौथ्या सत्याच्या नावात 'प्रतिपदा' हा शब्द येतो. आपल्याकडे प्रतिपदा म्हणजे पाडव्याची तिथी. येथे तिचा अर्थ वाटचाल असा आहे. ही वाटचाल म्हणजेच अष्टांगिक मार्ग होय.

मार्गाची आठ अंगे सांगताना मराठी शब्दांची सावधगिरी सर्वांत अधिक बाळगावी लागते, कारण संस्कृतातून आलेली ही नावे आपल्या बोलण्यात दुसऱ्याच अर्थांनी रुळलेली आहेत. सम्यक् दृष्टी म्हणजे चार सत्यांचे ज्ञान. सम्यक् संकल्प हा पूजेच्या आरंभी उच्चारावयाचा संकल्प नव्हे; भोगलालसा, द्वेष आणि हिंसा यांपासून दूर राहण्याचा तो मनोनिश्चय आहे. सम्यक् वाचा म्हणजे असत्य, चहाडी, कठोर भाषण आणि व्यर्थ बडबड यांचा त्याग. सम्यक् कर्मांत या शब्दात 'कर्माचा अंत' शोधू नये. कर्मांत म्हणजे कृती, व्यवहार. हिंसा, चोरी व कामविषयक दुराचार यांपासून निवृत्ती असा त्याचा आशय आहे. सम्यक् आजीव म्हणजे निर्दोष उपजीविका. अंगुत्तरनिकायात गृहस्थाने शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार करू नये असे सांगितले आहे. सम्यक् व्यायाम हा शब्द अमरावतीच्या विद्यार्थ्याला १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची आठवण करून देईल, परंतु येथे आखाड्याचा संबंध नाही. न उपजलेले अकुशल विचार उपजू न देणे, उपजलेले टाकणे, न उपजलेले कुशल विचार उपजविणे आणि उपजलेले टिकविणे, हा तो चतुर्विध प्रयत्न. सम्यक् स्मृती म्हणजे गतगोष्टींची आठवण नव्हे. शरीर, वेदना, चित्त आणि धर्म म्हणजे मनाचे विषय, यांवर ठेवलेले सतत अवधान म्हणजे स्मृती. आणि सम्यक् समाधी म्हणजे चार ध्यानांनी येणारी चित्ताची एकाग्रता. शेगावला किंवा अमरावतीला संतांच्या समाधीचे दर्शन घेणाऱ्या समाजात हा शब्द वेगळा समजावून सांगावाच लागतो.

ही अंगे म्हणजे एकामागून एक चढावयाच्या आठ पायऱ्या आहेत, असे पुष्कळदा शिकविले जाते. मज्झिमनिकायातील चूळवेदल्लसुत्तात धम्मदिन्ना ही भिक्षुणी विशाख या उपासकाला जे सांगते, त्यावरून ही कल्पना टिकत नाही. वाचा, कर्मांत व आजीव ही शीलात मोडतात. व्यायाम, स्मृती व समाधी ही समाधीत. दृष्टी व संकल्प ही प्रज्ञेत. आता शील, समाधी, प्रज्ञा हा अभ्यासाचा रूढ क्रम घेतला, तर प्रज्ञा शेवटी येते. मार्गाच्या यादीत मात्र तिचीच दोन अंगे आरंभी आहेत. जिना असता तर हे शक्य झाले नसते. त्याच निकायातील महाचत्तारीसकसुत्तानुसार सम्यक् दृष्टी, व्यायाम आणि स्मृती ही इतर अंगांच्या भोवती सतत फिरत असतात. एकच दोर वळताना त्याचे पदर एकमेकांना धरून असावेत तशी ही रचना आहे.

येथवरचे विवेचन ग्रंथांपुरते झाले. वऱ्हाडातील अभ्यासकाला याच्यापुढे एका प्रश्नाला सामोरे जावेच लागते. डॉ. आंबेडकरांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकात त्यांनी चार प्रश्न उपस्थित केले आहेत : सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण, चार आर्यसत्ये, आत्मा नाकारून कर्म व पुनर्जन्म मानण्यातील विसंगती, आणि भिक्षूचे प्रयोजन. आर्यसत्यांविषयी त्यांनी विचारले आहे की, ती बुद्धाच्या मूळ उपदेशाचा भाग आहेत की भिक्षूंनी मागाहून घातलेली भर? जन्म, जीवन, मरण व पुनर्जन्म सारेच दुःख ठरले, तर मनुष्याला आशेला जागा उरत नाही आणि धम्म निराशावादी ठरतो, असा त्यांचा आक्षेप आहे. ग्रंथाच्या मुख्य भागात पहिल्या उपदेशाची मांडणी त्यांनी वेगळ्या प्रकारे केली. पंचशील हा विशुद्धीचा मार्ग, अष्टांगिक मार्ग हा सदाचरणाचा आणि पारमिता हा शीलाचा मार्ग अशी ती मांडणी आहे. तथापि, दुःखाच्या अस्तित्वाची मान्यता आणि ते दूर करण्याचा मार्ग हा धम्माचा पाया आहे, हे त्यांनी तेथेही राखलेले आहे. बावीस प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्ग व पारमिता यांचे स्थान आणि चार सत्यांची अनुपस्थिती ही या मांडणीशी जुळणारी आहे.

या ठिकाणी टिपणकाराकडून दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. एक म्हणजे, आंबेडकरांची मांडणी हीच निकायांची मांडणी आहे असे लिहिणे. दुसरी म्हणजे, निकायांशी ती शब्दशः जुळत नाही एवढ्यावरून तिला बौद्ध विचाराच्या इतिहासाबाहेर काढणे. नॉर्मन आणि अँडरसन यांच्या संशोधनाने आंबेडकरांचे म्हणणे सिद्ध झाले, असे म्हणणेही योग्य नाही. त्यांचे प्रश्न भाषेच्या व ग्रंथस्तरांच्या आधारावर उभे आहेत. आंबेडकरांचा प्रश्न आशयावर, आणि विशेषतः दलितांच्या जीवनाला त्या आशयाचा काय उपयोग यावर, उभा आहे. दोघांनी एकाच दाराशी येऊन थाप मारली, पण ते आले वेगवेगळ्या रस्त्यांनी.

त्यांच्या आक्षेपाचे मर्म समजण्यासाठी एक उदाहरण तपशिलाने तपासू. २०१७ च्या खरिपात वऱ्हाडातील कपाशीवर गुलाबी बोंडअळीचा मोठा प्रादुर्भाव झाला. समजा, एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याची पऱ्हाटी त्यात गेली आणि बियाण्यासाठी काढलेले कर्ज अंगावर राहिले. विद्यार्थ्याने आर्यसत्यांचे 'उपयोजन' म्हणून लिहिले की, या शेतकऱ्याच्या दुःखाचे कारण त्याची तृष्णा होय. हे वाक्य पाठातील वाक्यासारखे दिसते, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. बोंडअळी तृष्णेने आली नाही, व्याजाचा दर तृष्णेने ठरला नाही. हे दुसरे सत्य घटनेचे कारण सांगत नाही. घटना घडल्यावर 'हे माझे होते, असे व्हावयास नको होते' या पकडीतून चित्तात जे दुःख उभे राहते त्याचा उगम सांगते. सल्लसुत्ताच्या भाषेत ते दुसऱ्या बाणाविषयी बोलते. पहिला बाण कोणी मारला, याचा शोध वेगळा घ्यावा लागतो.

तो शोध निकायांनाही अपरिचित नाही. संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो की, मनुष्य जे जे भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, हे मत खरे काय? उत्तरात पित्त, कफ, वात, त्यांचा सन्निपात, ऋतुबदल, हयगय, बाहेरचा आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे मोजून बुद्ध ते मत नाकारतो. दारिद्र्याविषयी तर दीघनिकाय अधिक स्पष्ट आहे. चक्कवत्तिसीहनादसुत्तात राजा निर्धनांना धन देत नाही म्हणून दारिद्र्य वाढते आणि त्यातून चोरी व हिंसा निपजते, अशी कारणांची साखळी आहे. कूटदंतसुत्तातील पुरोहित राजाला सांगतो की, लुटारूंना शिक्षा करून उपद्रव थांबणार नाही. शेती करणाऱ्यांना बी-बियाणे, व्यापाऱ्यांना भांडवल आणि राजसेवकांना वेतन द्यावे. म्हणजे शेतकऱ्याच्या नापिकीचा विचार करावयाचा तर पाली वाङ्मयात त्याला कूटदंतसुत्ताचे दार आहे. तेथे दुसऱ्या सत्याचे दार ठोठावणे म्हणजे ज्याचे नुकसान झाले त्यालाच दोषी ठरविणे होय. आंबेडकरांना भीती होती ती अशाच अर्थाची. आर्यसत्यांचा मर्यादेबाहेर विस्तार केला, तर त्यांचा आक्षेप पूर्णपणे लागू पडतो. ती आपल्या मर्यादेत मांडली, तर त्या आक्षेपाची धार कमी होते. ती नाहीशी होते असे नव्हे, कारण पुनर्भवाचा प्रश्न शिल्लक राहतोच.

अतिशयोक्तीचा आणखी एक सभ्य प्रकार म्हणजे वैद्याची उपमा. रोग, रोगाचे कारण, आरोग्य आणि औषध या वैद्यकातील चार भागांवरून बुद्धाने आपली चार सत्ये घेतली, असे वर्गात नेहमी सांगितले जाते. ही तुलना बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्गात, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकात, आढळते, आणि योगसूत्रांवरील व्यासभाष्यातही आढळते. धम्मचक्कप्पवत्तनसुत्तात ती नाही. समजावून सांगण्यास ती उपयुक्त आहे, पण उसनवारीचा ऐतिहासिक पुरावा म्हणून ती पुढे करता येत नाही.

पुराव्याच्या मर्यादेचा हा नियम आपल्या परिसरातील अवशेषांनाही लावावा. वत्सगुल्म म्हणजे वाशीम, १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्याचाच भाग. तेथून राज्य करणाऱ्या वाकाटक शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे सोळावे लेणे दान दिले. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या गर्भगृहात धर्मचक्रमुद्रेतील बुद्धमूर्ती असून तिच्या पीठावर चक्र, हरिणे व उपासक कोरलेले आहेत. पहिल्या उपदेशाची स्मृती त्या काळी पूज्य होती, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. पण दगडातील चक्रावरून दात्यांनी दुसऱ्या सत्याचा कोणता अर्थ मानला हे वाचता येत नाही.

आता आरंभी म्हटलेले टिपण प्रत्यक्ष कसे असावे, त्याचा एक नमुना देतो.

'परंपरेनुसार बुद्धाने पहिल्या उपदेशात चार आर्यसत्ये सांगितली. जन्म, जरा, मरण, प्रियवियोग इत्यादी आणि थोडक्यात पाच उपादानस्कंध हे दुःख होय. ते जाणावयाचे आहे. तृष्णा हा त्याचा उगम. ती सोडावयाची आहे. पाली ग्रंथांत ती पुनर्भवाला कारण म्हटली आहे. तिचा निःशेष त्याग हा निरोध. त्याचा साक्षात्कार करावयाचा आहे. अष्टांगिक मार्ग ही निरोधाकडे नेणारी वाट. ती अभ्यासाने वाढवावयाची आहे. मार्गाची आठ अंगे शील, समाधी व प्रज्ञा या तीन गटांत मोडतात व ती परस्परांना आधार देतात. सुख नाही, किंवा प्रत्येक आपत्ती तृष्णेने वा पूर्वकर्माने येते, असे हे ग्रंथ म्हणत नाहीत. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी आर्यसत्यांच्या मूळत्वाविषयी शंका घेतली, अष्टांगिक मार्ग स्वीकारला आणि दुःखनिवारण हाच धम्माचा पाया मानला.'

हे टिपण एका पानाच्या आत बसते. त्यातील प्रत्येक वाक्यापुढे विद्यार्थ्याने एकच प्रश्न लिहावा : हे कोणाचे म्हणणे आहे? उत्तर सूत्राचे, टीकाकाराचे, आधुनिक संशोधकाचे की आंबेडकरांचे, हे ज्या वाक्यापुढे लिहिता येणार नाही ते वाक्य टिपणात राहू नये. निर्वाणाचे स्वरूप, अनात्मवाद, प्रतीत्यसमुत्पादाची बारा अंगे आणि महायानातील शून्यतेच्या दृष्टीने सत्यांचा झालेला पुनर्विचार हे विषय या टिपणात मुद्दाम घेतलेले नाहीत. त्यांतील प्रत्येकाला स्वतंत्र पान लागेल, आणि वरील चार क्रियापदे पक्की झाल्यावाचून ते पान उलगडूही नये.